जुनी दुचाकी घेताना मीटर आणि नंबर असे तपासा

समजा, तुम्ही सोलापुरात आठ वर्षांची एक जुनी दुचाकी विकत घेण्यासाठी पाहिली आहे. तिचे मीटर १८,००० किलोमीटर दाखवत असले, तरी आधी ब्रेक पेडल आणि फूटरेस्टचे रबर पाहा. ते झिजून गुळगुळीत झाले असेल, तर एवढ्या कमी धावेशी ते जुळत नाही. मीटरची केबल काढून गाडी चालवता येते, म्हणून आकड्यापेक्षा सर्व्हिसची जुनी बिले मागा. त्यांतल्या एखाद्यावर ४१,००० लिहिलेले असेल, तर मीटरवरचा आकडा खरा नाही, याबद्दल संशय उरत नाही.

त्याहून गंभीर बाब नंबरांची आहे. बहुतेक गाड्यांचा चासी नंबर हँडलखालच्या नळीवर आणि इंजिन नंबर इंजिनच्या आवरणावर कोरलेला असतो. चिखल पुसून टॉर्चचा उजेड तिरपा टाका, म्हणजे घासल्याच्या रेघा, तेवढ्याच जागी दिलेला ताजा रंग किंवा कमी-जास्त खोलीची अक्षरे उठून दिसतात. मग दोन्ही नंबर आरसी बुकाशी अक्षर-अक्षर ताडून पाहा. इंजिन रीतसर बदलले असेल, तर आरटीओकडील नोंद आरसीवर असायला हवी. ती नसेल, तर विक्रेत्याच्या तोंडी खुलाशावर इसारही देऊ नका.