संचालकाने कंपनीत घातलेले पैसे आणि पहिले ऑडिट

प्रश्न : आमच्या छोट्या कंपनीचे हे पहिलेच ऑडिट. वर्ष संपायला सहा आठवडे आहेत. गरज पडेल तसे मी कंपनीत पैसे घातले, काही काढले, काही बिले खिशातून भरली. कागद एकही नाही. मागच्या तारखेचा कर्जकरार करून ठेवला तर चालेल का?

उत्तर : नाही. मागची तारीख घातलेला करार हा खोटा दस्तऐवज ठरू शकतो, आणि तो उघडकीला येणे अवघड नसते. फाइल कधी तयार झाली, ईमेल कधी गेला, यावरून तारीख कळते. असा एक कागद सापडला की ऑडिटर तुमच्या बाकीच्या खुलाशांवरही विश्वास ठेवू शकत नाही.

संचालक मंडळाची बैठक आता घ्या आणि ठरावावर आजचीच तारीख घाला. अमुक तारखांना आलेल्या रकमा कर्ज म्हणून स्वीकारल्या होत्या, अशी नोंद आज करता येते. या व्यवहारात तुमचे हित आहे हे इतिवृत्तात स्पष्ट लिहा. मग कर्जकरार करा : व्याज असल्यास दर, आणि मुख्य म्हणजे परतफेड कधी. मागाल तेव्हा परत, असे असेल तर ते ताळेबंदात चालू देणे दिसते. वर्षअखेरीपासून किमान १२ महिने परतफेड लांबवण्याचा हक्क कंपनीला असेल तरच ते दीर्घ मुदतीचे ठरते, आणि तो हक्क वर्षाच्या शेवटच्या दिवशी अस्तित्वात असावा लागतो. नंतर सही करून त्या वर्षाचा ताळेबंद बदलत नाही. म्हणून हे सहा आठवडे मोलाचे आहेत.

आता तुम्ही कंपनीत घातलेल्या आणि काढलेल्या पैशांचा तक्ता करा. समजा, तुम्ही ८ लाख आणि नंतर ३ लाख घातले, खिशातून १ लाख ४० हजारांची बिले भरली आणि अडीच लाख काढले. शिल्लक ९ लाख ९० हजार यायला हवी. प्रत्येक ओळीपुढे तारीख आणि बँक विवरणाचा किंवा बिलाचा क्रमांक लिहा. ट्रायल बॅलन्समध्ये, म्हणजे सर्व खात्यांच्या शिल्लकांच्या यादीत, तुमच्या नावापुढे मात्र १० लाख ५० हजार दिसत असतील, तर ६० हजारांचे एखादे बिल दोनदा चढले आहे का ते आधी पाहा : एकदा बिलावरून, एकदा तुमच्या कार्डाच्या विवरणावरून. ही नेहमीची चूक आहे. तिने खर्च आणि देणे दोन्ही फुगतात, नफा तेवढाच कमी दिसतो. फरक 'किरकोळ' खात्यात ढकलू नका. दुसरी नोंद शोधून रद्द करा.

काढलेले अडीच लाख परतफेड होती की पगार, हेही आताच ठरवा. पगार असेल तर करकपात लागू होऊ शकते, ती रक्कम कर्जातून वजा होणार नाही आणि तक्त्याची शिल्लक बदलेल.

कंपनीने तुमचा घरखर्च भरला असेल तर तो तुमच्या नावे टाका. त्यामुळे उलट तुम्हीच कंपनीचे देणेकरी ठरत असाल, तर संचालकाला कर्ज देण्यावरचे कायद्याचे निर्बंध तपासून घ्या. शेवटच्या दिवशी पैसे भरून पुढच्या आठवड्यात काढून घेतले तर उपयोग नाही, कारण ऑडिटर वर्ष संपल्यानंतरचे बँक व्यवहारही पाहतो.

मालाचा साठा असेल तर मोजणीची तारीख ऑडिटरला आजच लेखी कळवा.