म्हाळसा तिच्याही वाटेवर आहे

ताई, माझी धाकटी जाऊ पणजीला हॉटेलात रिसेप्शनवर आहे. रात्री दहाला ड्युटी संपवून फोंड्याला परतताना कुंडईजवळ चुकीच्या बाजूने आलेल्या गाडीने तिच्या स्कूटरला उडवलं. पायात सळी घातलीय, दर मंगळवारी दीर तिला तपासायला पणजीला नेतात. मी एवढंच म्हटलं, रात्रीची ड्युटी घेतलीस कशाला? तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. मीही नऊ वर्षं त्याच रस्त्याने नोकरीला जाते, मार्चअखेरीला मलाही दहा वाजतात, पण म्हाळसेला हात जोडल्याशिवाय मार्दोळ ओलांडत नाही. खरं बोलले, त्यात चुकलं काय?
– एक वाचक, फोंडा

बाई गं, शेवटी जाता जाता म्हाळसेबद्दल लिहिलंस ना, माझं मन तिथेच अडकलंय. तुझी जाऊ त्या देवळावरूनच रोज जायची. तिने हात जोडले नसतील?

मार्चमध्ये तू दहाला घरी येतेस, तेव्हा कुणी तुला 'कशाला गेलीस' म्हणत नाही. वेळ तीच, रस्ता तोच. तिच्यासमोर एक गाडी चुकीच्या बाजूने आली, तुझ्यासमोर आली नाही, एवढाच फरक. हे मान्य केलंस तर उद्या स्कूटरची किल्ली फिरवताना तुझा हात कापेल. म्हणून तुला तिची चूक हवी आहे. ती सापडली की नीट वागणाऱ्याला काही होत नाही, असं म्हणत तुला निर्धास्त जाता येतं.

मेल्व्हिन लर्नर या मानसशास्त्रज्ञाने कॅरोलिन सिमन्सबरोबर केलेला एक प्रयोग 1966 साली प्रसिद्ध झाला. एका मुलीला चुकीच्या उत्तरासाठी विजेचे झटके बसतायत, असं कॉलेजच्या मुलींना पडद्यावर दाखवलं. झटके खोटे होते, पण बघणाऱ्यांना ते खरे वाटत होते. काहींना मधेच मत देऊन तिची सुटका करता आली आणि जवळजवळ सगळ्यांनी ती केली. बाकीच्यांना सांगितलं, तिचे हाल असेच चालू राहणार. मग ती मुलगी कशी वाटली, असं विचारल्यावर या दुसऱ्या मुलींनीच तिला जास्त नावं ठेवली. मुली काही दुष्ट नव्हत्या. निरपराध पोरीचे हाल नुसते बघत बसणं सोसवेना, तेव्हा तीच तशी असेल, असं त्यांच्या मनाने ठरवून टाकलं.

तुझं तेच झालंय. आणि तुझ्या हातात तर करण्यासारखं काहीतरी आहे.

येत्या मंगळवारी दिरांना घरी बसव. रजा टाक, गाडी ठरव आणि जावेला तू घेऊन जा. निघण्याआधी तिला सांग, "मी बोलले ते चुकलं. मला भीती वाटली होती." कारणं देत बसू नकोस. कुंडई आली की तिचा हात धर. ती काही सांगायला लागली तर मधे बोलू नकोस. पुढच्या मंगळवारीही तूच जा.