नोट्समधल्या ओळीच्या पुढचा प्रश्न

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

फिजिऑलॉजीच्या पेपरच्या आदल्या रात्री शॉर्ट नोट्स समोर ठेवून तू आणि तुझी रूममेट एकमेकींना प्रश्न विचारता, हे ठीकच आहे. पण तू पत्रात उतरवलेला संवाद वाचून थोडे लिहावेसे वाटले.

“ऑक्सिजन-हिमोग्लोबिनचा वक्र उजवीकडे कशाने सरकतो?”
“कार्बन डायऑक्साइड, आम्लता, तापमान आणि २,३-बीपीजी वाढल्याने.”
“बरोबर. पुढचा प्रश्न.”

पुढच्या प्रश्नाची एवढी घाई नको होती. नोट्समधली ओळ विचारली की तीच ओळ परत येते, आणि समजले की नुसते पाठ झाले हे दोघींनाही कळत नाही. त्याऐवजी रूममेटला असे विचार: एका रुग्णाचे हिमोग्लोबिन १५ ग्रॅमवरून हळूहळू ७.५ वर आले आहे. दुसऱ्याचे १५ च आहे, पण बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरमुळे त्यातले निम्मे कार्बन मोनॉक्साइडने अडवले आहे. दोघांच्या रक्तात ऑक्सिजन किती?

ती हिशेब करील: एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन धरते, म्हणून दोघांच्याही १०० मिलिलिटर रक्तात तो साधारण १० मिलिलिटर भरेल. मग विचार, “तर पहिला बाह्यरुग्ण विभागात चालत येतो आणि दुसरा बेशुद्ध कसा?” येथे ती अडखळली, तर रात्रीची पंधरा मिनिटे याच प्रश्नाला द्या. कार्बन मोनॉक्साइड जागा तर अडवतोच, शिवाय उरलेल्या जागांवरचा ऑक्सिजन अधिक घट्ट धरायला लावतो. वक्र डावीकडे सरकतो आणि ऊतींपर्यंत पोहोचलेला ऑक्सिजनही तेथे पुरेसा सुटत नाही. जुन्या रक्तक्षयात मात्र २,३-बीपीजी वाढलेले असते, त्यामुळे आहे तेवढा ऑक्सिजन सहज सुटतो. धमनीतल्या ऑक्सिजनचा दाब दोघांतही जवळपास सामान्य असतो आणि कॅरोटिड बॉडी मुख्यतः तो दाबच ओळखते, म्हणून विषबाधेच्या रुग्णाला धाप लागेलच असे नाही. साध्या पल्स ऑक्सिमीटरवरही भिस्त ठेवू नये, कारण कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनयुक्तच वाटते.

उत्तर तोंडी घेऊन थांबू नकोस. दोन्ही वक्र एकाच आकृतीत काढायला सांग. उभ्या अक्षावर तिने संपृक्ततेची टक्केवारी घेतली, तर रक्तक्षयाचा वक्र जवळजवळ निरोगी वक्रावरच बसेल आणि फरक दिसणार नाही. तेथे ऑक्सिजनचे प्रमाण, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तातले मिलिलिटर, घ्यावे लागते. परीक्षेत बहुतेकांची आकृती याच अक्षापाशी चुकते, असा माझा अनुभव आहे.

कळावे,
तुझे सर