‘बाबाबा’पासून ‘बाबा चप्पल’पर्यंत: बाळाच्या बोलण्याचे टप्पे काय सांगतात?

प्रश्न: माझी मुलगी १७ महिन्यांची आहे. आधी दिवसभर बाबाबा, दादादा चालायचं. आता आठ-दहा शब्द बोलते, पण दोन शब्द जोडत नाही. हे टप्पे नेमके कसे असतात आणि प्रत्येक टप्प्यावरून मुलाबद्दल काय समजतं?

उत्तर:

मी स्पीच थेरपिस्ट आहे. तुम्ही जेवढं सांगितलंय तेवढ्यावरून तरी घाबरण्यासारखं काही दिसत नाही. बहुतेक मुलं १८ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दोन शब्द जोडू लागतात, आणि तोवर त्यांच्याकडे साधारण पन्नासेक शब्द जमलेले असतात. पण शब्द किती, यापेक्षा मी आधी दोन गोष्टी विचारेन. तुम्ही हातवारे न करता ‘बॉल आण’ म्हणालात तर ती आणते का? आणि हवी ती वस्तू बोट दाखवून सांगते का? हे का विचारते, ते पुढे येईलच.

बाबाबा-दादादापासून सुरुवात करू. दोन-तीन महिन्यांचं बाळ ‘आऽ’, ‘ऊऽ’, ‘अग्गू’ असे आवाज काढतं. साधारण सहा ते दहा महिन्यांत त्यात मोठा फरक पडतो: व्यंजन आणि स्वर मिळून नीट अक्षर तयार होतं आणि तेच पुन्हा पुन्हा येतं. जबडा वर-खाली होत असताना आवाज चालू राहिला आणि ओठ मिटले की ‘बाबाबा’ होतं. तेव्हाच हवा नाकातून गेली तर ‘मामामा’, जिभेचं टोक वर टेकलं तर ‘दादादा’. म्हणजे सात महिन्यांचं बाळ ‘बाबाबा’ म्हणतं तेव्हा ते बाबांना हाक मारत नसतं. घरोघरी या गोष्टीवरून आई-बाबांची गोड भांडणं होतात, ती होऊ द्यावीत.

मग या टप्प्यावरून काय कळतं? सगळ्यात आधी, कान. बहिरं बाळही सुरुवातीला आवाज काढतं, हसतं, किंचाळतं, म्हणून ‘आवाज काढतो म्हणजे ऐकू येतंच’ असं घरच्यांना वाटत राहतं. फरक पडतो तो अक्षरांच्या माळेत. ऐकू येणारी मुलं ही माळ सहसा दहा महिन्यांच्या आत सुरू करतात. जन्मतः बहिऱ्या मुलांत ती उशिरा येते किंवा नीट येतच नाही. म्हणून दहा महिने उलटूनही ‘बाबाबा’, ‘दादादा’ ऐकू येत नसेल, तर कानाची तपासणी करून घ्यावी. ताट वाजवून बाळ वळतं का पाहणं पुरेसं नाही, कारण काही मुलांना मोठा आवाज ऐकू येतो, पण बोलण्यातले बारीक आवाज सुटतात. ओएई आणि बेरा या तपासण्या लहान बाळांवरही करता येतात.

दुसरं म्हणजे, ही फक्त तोंडाची कसरत नाही. लॉरा-अ‍ॅन पेटिटो आणि पॉला मॅरेंटेट यांनी १९९१ मध्ये दाखवलं, की घरात खुणांची भाषा पाहत वाढणारी बहिरी बाळं हातांनी असंच बडबडतात: अर्थ नसलेल्या, पण त्या भाषेतल्या खुणांचे तुकडे वाटाव्यात अशा हालचाली ती पुन्हा पुन्हा करतात. भाषेचे छोटे तुकडे पकडून त्यांच्याशी खेळणं हे मेंदूचं काम आहे. ते तोंडातून होतं की हातातून, हे बाळाला कोणती भाषा मिळते यावर ठरतं.

याच महिन्यांत कानही आपल्या घरच्या भाषेला सरावतो. १९८४ चा जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांचा प्रयोग आपल्याला फार जवळचा आहे. त्यांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘ट’ आणि ‘त’ ऐकवले. इंग्रजीत हा भेद नाही. तरी सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो ऐकू येत होता; दहा-बारा महिन्यांच्या बाळांपैकी फार थोड्यांना आला. हिंदी घरातल्या बाळांचा तो टिकून राहिला होता. ताट आणि टाट यांतला फरक आपली मुलं पहिला शब्द बोलायच्या आधीच राखून ठेवतात, तो असा.

आता पहिला शब्द. तो बाराव्या महिन्याच्या आसपास येतो. दहाव्याला आला किंवा पंधराव्याला, तरी चालतं. शब्द कशाला म्हणायचं, यावर पालकांचा गोंधळ होतो. मी तीन गोष्टी पाहते: आवाज दर वेळी साधारण तोच हवा, अर्थ तोच हवा, आणि तो तिने स्वतःहून काढलेला हवा, तुमच्या मागून म्हणून दाखवलेला नव्हे. उच्चार चुकीचा असला तरी चालतो. गाडी दिसली की दर वेळी ‘दादी’ म्हणत असेल, तर तो शब्द धरा. मम्, भूभू, माऊ, भुर्र हेही शब्दच. भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांनी १९६४ मध्ये मराठीतल्या या बाळबोलीवर स्वतंत्र लेख लिहिला होता. घरात हिंदी किंवा इंग्रजीही बोलत असाल, तर सगळ्या भाषांतले शब्द एकत्र मोजा.

शब्द आला म्हणजे बाळाला उमगलं, की एक विशिष्ट आवाज एका विशिष्ट गोष्टीसाठी असतो आणि तो काढला की समोरच्याचं लक्ष तिकडे वळवता येतं. पण तोंडातून येणारा शब्द डोक्यात असलेल्याच्या बराच मागे असतो. काकाला ‘ताता’ म्हणणाऱ्या मुलीला तुम्ही ‘ताता आला का गं?’ विचारून पाहा. ती बऱ्याचदा चिडते आणि ठासून सांगते, ‘ताताऽ!’ तिला ‘काका’च म्हणायचं असतं आणि ‘काका’च ऐकू येत असतं, फक्त तिची जीभ अजून ‘क’च्या जागी पोचत नाही. इंग्रजी बोलणाऱ्या एका मुलाचं अगदी असंच उदाहरण जीन बर्को आणि रॉजर ब्राउन यांनी १९६० मध्ये नोंदवलं होतं.

अर्थाचंही तसंच. मूल मांजर, कुत्रा, शेळी सगळ्यांना ‘माऊ’ म्हणतं आणि आजी म्हणते, याला फरकच कळत नाही. एक सोपी परीक्षा करा. पुस्तकात मांजर आणि कुत्रा शेजारी ठेवून विचारा, ‘भूभू कुठंय?’ अनेक मुलं बरोबर कुत्र्यावर बोट ठेवतात. फरक कळतोय, पण बोलताना हाताशी शब्द एकच आहे, म्हणून तो सगळीकडे वापरलाय. म्हणूनच मी सुरुवातीला समजण्याबद्दल विचारलं. आठ शब्द बोलणारी पण शंभर गोष्टी समजणारी मुलगी आणि आठच बोलणारी, आठच समजणारी मुलगी, या दोघींची स्थिती अगदी वेगळी आहे.

तुमची मुलगी आत्ता जिथे आहे तिथून दोन शब्दांकडे जाताना मध्ये एक पायरी असते, ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. मूल एक शब्द बोलतं आणि दुसरा बोटाने सांगतं. समजा, दाराशी बाबांची चप्पल पडलीय. ती चपलेकडे बोट दाखवून ‘चप्पल’ म्हणाली, तर बोट आणि शब्द एकच गोष्ट सांगतायत. पण चपलेकडे बोट दाखवून ‘बाबा’ म्हणाली, तर तिथे दोन कल्पना जोडल्या गेल्या: ही चप्पल, बाबांची. वाक्य तयार आहे, फक्त त्यातला अर्धा भाग हातात आहे. जाना आयव्हर्सन आणि सुझन गोल्डिन-मेडो यांनी २००५ मध्ये दहा मुलांच्या अभ्यासात पाहिलं, की ज्यांनी ही दुसऱ्या प्रकारची जोडी लवकर केली, ती दोन शब्दही लवकर जोडू लागली. तुमच्या मुलीत पुढचे काही आठवडे हेच शोधा.

मग एके दिवशी ‘बाबा चप्पल’ येतं. इथून व्याकरणाची चाहूल लागते, कारण मूल आता वस्तूंची नावं घेऊन थांबत नाही, त्यांच्यातलं नातं सांगतं. लोइस ब्लूम यांनी १९७० मध्ये एका मुलीचे ‘आई मोजा’ अशा अर्थाचे दोन शब्द नोंदवले. एकदा तिने आईचा मोजा उचलला तेव्हा ते म्हटलं, आणि एकदा आई तिच्या पायात मोजा घालत होती तेव्हा. शब्द तेच, नाती दोन: मालकी आणि कृती. तुमच्याकडे ‘बाबा चप्पल’ आलं की तेव्हा काय चाललं होतं तेही लिहून ठेवा, नाहीतर नुसत्या शब्दांवरून अर्थ लागत नाही. ‘अजून दूध’, ‘मम् संपलं’, ‘नको भात’, ‘आजी ये’ यांतही पुन्हा हवं असणं, नसणं, नकार, मागणं अशी वेगवेगळी नाती आहेत.

दोन शब्द कानावर पडले म्हणजे दोन शब्द जोडले, असं मात्र नाही. ‘काय झालं’ किंवा ‘भुर्र जायचं’ हे मुलासाठी अख्खा एकच शब्द असू शकतो. यातला एखादा तुकडा दुसरीकडे वेगळा येतो का, ते पाहा. ‘अजून दूध’, ‘अजून भुर्र’, ‘अजून माऊ’ असं येऊ लागलं, की तिने ‘अजून’ सुटा केलाय.

मराठीत आणखी एक गंमत आहे. या वयात मूल ‘बाबाची चप्पल’मधला ‘ची’ गाळतं, पण क्रियापदाचा शेवट गाळून चालत नाही. तो गाळला की ‘दे’, ‘बस’ असा हुकूम उरतो. त्यामुळे ‘पडलं’, ‘संपलं’, ‘गेला’ हे शब्द मूल अख्खेच उचलतं. ‘बाबा गेला’ ऐकून तिला भूतकाळ येतो असं समजू नका. ‘आई गेला’ म्हणत असेल, तर ‘गेला’ अजून न फोडलेला गोळा आहे. ‘आई गेली, बाबा गेला’ असं कुणी न सुचवता, वेगवेगळ्या माणसांसाठी येऊ लागलं, की शब्दाच्या आतले भाग तिला दिसू लागलेत.

तपासणी कधी करायची, तेही सांगते. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, किंवा दोन वर्षं पूर्ण होऊनही स्वतःहून जोडलेले दोन शब्द नसतील, तर थांबू नका. वर्ष उलटूनही बोट दाखवणं नसेल तर त्याआधीच दाखवा. आणि आलेले शब्द किंवा बडबड गळून पडली, तर वय कितीही असो, लगेच जा. ‘याचा बापही उशिराच बोलला’ हे मी खूप ऐकते. काही मुलं खरंच उशिरा बोलून बरोबरीला येतात, पण कोणती येतील हे कान तपासल्याशिवाय आणि समज पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. जाताना घरातल्या बोलण्याचे दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ सोबत न्या, एक खेळतानाचा आणि एक जेवतानाचा, कारण अनोळखी खोलीत या वयाची मुलं बऱ्याचदा आईच्या कुशीत तोंड लपवून बसतात.