गळक्या हौदात सकाळपर्यंत पाणी किती उरेल?

प्रश्न : साहेब, आमचा जुना दगडी बांधकामाचा हौद आहे. आतून अडीच मीटर लांब, दोन मीटर रुंद, दोन मीटर खोल, म्हणजे दहा हजार लिटर. तो गळतो. पहिल्या तासात ४० सेंटिमीटर पाणी उतरलं, म्हणजे वीस टक्के. दुसऱ्या तासात उरलेल्या पाण्याच्या साधारण वीस टक्के. वीज रात्रीची आहे. अकराला हौद भरून मोटार बंद करतो आणि सकाळी सहाला छोट्या पंपाने मिरचीला ठिबक सोडतो. त्याला चार हजार लिटर लागतात. भाऊ म्हणतो पाच तासांत हौद कोरडा होणार. सहाला किती पाणी राहील आणि आम्ही काय करावं?

उत्तर : तुमचा वीस टक्क्यांचा अंदाज बरोबर असेल तर सकाळी सहाला सुमारे २,१०० लिटर पाणी राहील. हौद कोरडा होणार नाही, पण मिरचीला पुरणारही नाही.

भावाने पाच वेळा वीस म्हणजे शंभर असा हिशेब केला. दर तासाला ठरलेले २,००० लिटर जात असते, तर तो बरोबर होता. पण तुम्ही लिहिता तसं उरलेल्या पाण्याच्या वीस टक्के जात असेल, तर हौदातलं पाणी कमी होईल तशी गळतीही कमी होते. दर तासाला शंभरातले ऐंशी राहतात, म्हणून मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर १०,००० ला जितके तास तितक्या वेळा ०.८ ने गुणायचं. बारा वाजता ८,००० लिटर, एकला ६,४००, दोनला ५,१२०, तीनला ४,०९६, चारला ३,२७७, पाचला २,६२१ आणि सहाला २,०९७. तीन तासांत जवळपास निम्मं पाणी गेलं. पुढच्या तीन तासांत त्या निम्म्याचं निम्मं जातं. पूर्ण भरलेला हौद गळतीला सगळ्यात जास्त पाणी देतो, म्हणून अकराला भरून ठेवणं तुम्हाला सगळ्यात महाग पडतं.

सहाला उरलेलं २,०९७ लिटरही सगळं हाती लागत नाही. ठिबकच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह तळापासून थोडा वर असतो. तो १५ सेंटिमीटर वर आहे असं धरू. तुमच्या हौदात एक सेंटिमीटर पाणी म्हणजे ५० लिटर, तेव्हा खालचे ७५० लिटर पंप ओढूच शकत नाही. वापरायला जेमतेम साडेतेराशे लिटर मिळतील.

वीज सकाळपर्यंत असेल तर उपाय सोपा आहे. मोटार उशिरा चालवा. किती वाजता थांबवायची, हे उलट्या बाजूने काढू. मिरचीला ४,००० लिटर हवेत आणि ७५० लिटर तळाशी राहणार. शिवाय ठिबक चालू असताना गळती थांबत नाही. ठिबक तासभर चालणार असेल तर त्या तासात आणखी सुमारे ७०० लिटर गळून जातील. म्हणजे सहाला हौदात साडेपाच हजार लिटरच्या आसपास पाणी हवं. हौद तीनला भरला तर सहाला ५,१२० राहतात, ते कमी पडतील. चारला भरला तर ६,४०० राहतात, ते भरपूर झाले. साडेतीनला मोटार थांबली तर अडीच तासांची गळती धरायची.

इथे बरेच जण फसतात. तासाला वीस टक्के, म्हणून अर्ध्या तासाला दहा टक्के असं ते धरतात. अर्ध्या तासात १० टक्के गेले आणि उरलेल्या ९० मधले पुन्हा १० टक्के गेले, तर ८१ उरतात. आपल्याला तासाला ८० उरायला हवेत. म्हणून अर्ध्या तासाचा गुणक ०.९० नव्हे, तर ०.८ चं वर्गमूळ, म्हणजे ०.८९४ धरायचा. दोन तासांनी ६,४०० राहतात, त्याला ०.८९४ ने गुणलं की ५,७२० लिटर. तेवढं पुरतं. तेव्हा हौद साडेतीनला भरलेला असेल अशा बेताने मोटार लावा. ऑटो स्टार्टरला टायमर असेल तर रात्री उठावं लागणार नाही.

आता खरी शंका. हा सगळा हिशेब तुमची गळती शेवटपर्यंत वीस टक्केच राहते असं धरून केलाय. दोन तासांच्या मोजमापावरून ते सांगता येत नाही. पाणी कुठून आणि कसं जातंय त्यावर ते ठरतं.

पाणी बांधकामाच्या बारीक तड्यांतून, सांध्यांतल्या भुसभुशीत चुन्यातून झिरपत असेल, तर झिरपण्याचा वेग पाण्याच्या उंचीच्या प्रमाणात असतो. उंची निम्मी, तर गळती निम्मी. तिथे तुमचा वीस टक्क्यांचा नियम नीट लागू पडतो. पण तळाला मोकळं भोक असेल, किंवा हौद धुऊन रिकामा करायच्या वॉशआउट पाइपाचा व्हॉल्व्ह नीट बसत नसेल, तर वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. उंची निम्मी झाली तरी गळती सुमारे सत्तर टक्के राहते. पाणी उतरलं तरी भोक पुरेसं मंदावत नाही, आणि शेवटी हौद खरोखर कोरडा होतो.

तुमचेच आकडे घेऊन पाहू. दोन्ही प्रकारांत पहिल्या तासात पाणी २०० वरून १६० सेंटिमीटरवर येतं. दुसऱ्या तासाअखेर झिरपण्यात १२८ सेंटिमीटर राहतं, भोकात सुमारे १२४. हा साडेतीन सेंटिमीटरचा फरक रात्री बॅटरीच्या उजेडात, हलत्या पाण्यात कुणाच्या लक्षात यायचा? म्हणून तुम्हाला दोन्ही वेळा वीस टक्केच वाटले असतील. पाचव्या तासाला मात्र झिरपणारा हौद साडेपासष्टवर असतो आणि भोक असलेला पंचेचाळीसच्याही खाली. सात तासांनी एकात ४२ सेंटिमीटर राहतात, दुसऱ्यात जेमतेम १४. १४ सेंटिमीटर म्हणजे ७०० लिटर, तेही फूटव्हॉल्व्हच्या खाली. साडेनऊ तासांच्या आसपास तो हौद रिकामा होतो. तुमची गळती भोकाची निघाली, तर निकालात भाऊ तुमच्यापेक्षा फारसा चुकलेला नसेल.

म्हणून एकदा दिवसा सहा तास मोजा. सरळ काठीला टेप चिकटवा, हौदाच्या एकाच कोपऱ्यात तळाला टेकवा आणि दर तासाला ओल कुठवर आली ते वहीत लिहा. त्या वेळी हौदातून कुणी पाणी घ्यायचं नाही, जनावरांनाही तिथे न्यायचं नाही. नंतर प्रत्येक तासाला उतरलेलं पाणी त्या तासाच्या सुरुवातीच्या उंचीने भागा.

भागाकार दर तासाला ०.२० च्या आसपास राहिला तर झिरपणं आहे. तो वाढत गेला, म्हणजे ०.२०, ०.२२, ०.२५, ०.२९, ०.३३ असा, तर तळाशी भोक किंवा व्हॉल्व्ह आहे. भोक असेल तर फार शोधाशोध नको. पहिल्या तासाला २,००० लिटर जायला अर्धा इंचाच्या आसपास मोकळी जागा लागते, आणि तेवढी जागा बहुधा वॉशआउटच्या पाइपातच सापडते. त्याच्या बाहेरच्या टोकाला घट्ट बूच मारून पुन्हा तासभर मोजा. उतार थांबला तर व्हॉल्व्ह बदलला की काम झालं.

तिसराही एक प्रकार आहे. भागाकार कमी कमी होत जातो आणि पाणी एका ठरावीक उंचीला येऊन थांबतं. तिथे तडा भिंतीत असतो, आणि पाणी ज्या रेषेवर थांबलं तीच तड्याची जागा. या प्रकारात टक्के हौदाच्या तळापासून मोजायचे नाहीत, तड्याच्या वरच्या पाण्याचे मोजायचे. तडा ५० सेंटिमीटरवर असेल तर खालचे २,५०० लिटर सुरक्षित असतात. दुरुस्ती होईपर्यंत तेवढ्यावर भरवसा ठेवता येतो.

मला मात्र जास्त काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. पहिल्या तासाला २,००० लिटर म्हणजे मिनिटाला ३३ लिटर. एवढं पाणी भिंतीतून बाहेर येत असतं तर हौदाभोवती चिखल झाला असता, गवत माजलं असतं, आणि तुम्ही ते लिहिलंच असतं. बाहेर कोरडं असेल तर पाणी तळातून खाली जमिनीत जातंय. रात्रीतून जवळपास आठ हजार लिटर, रोज, दगडी बांधकामाच्या पायाखाली. काळ्या जमिनीत ही माती फुगते आणि वाळली की आक्रसते. मुरमाड जमिनीत बारीक माती पाण्याबरोबर वाहून जाते. दोन्हीकडे पाया असमान खचतो आणि तडे रुंदावतात. वहीतला भागाकार महिन्याभराने ०.२० चा ०.२५ झालेला दिसला तर हौद पुरा भरणं बंद करा. एक मीटरच्या वर पाणी ठेवू नका.

झिरपण्याची दुरुस्ती आतूनच करायची. बाहेरून लावलेलं प्लास्टर पाण्याच्या दाबाने सुटून येतं. हौद रिकामा करून दोन-तीन दिवस वाळू द्या, शेवाळ आणि सुटा चुना तारेच्या ब्रशने घासून काढा. तडा दिसेल तिथे छिन्नीने खाच रुंद करून घ्या. नुसती वरून सिमेंटची पेस्ट फासली तर ती महिन्यात निघते. खाचेत आणि सगळ्या सांध्यांत एकास तीन सिमेंट-वाळूचा माल भरा, त्यात वॉटरप्रूफिंग पावडर पिशवीवर लिहिलेल्या प्रमाणात मिसळा. मग तळ आणि भिंतींना त्याच मालाचं प्लास्टर करा. तळ आणि भिंत मिळतात तो कोपरा काटकोनात न सोडता गोलसर करून घ्या. जुन्या हौदांची गळती बहुतेक तिथूनच सुरू होते. प्लास्टर किमान सात दिवस ओलं ठेवा.

तळ हलतोय अशी शंका असेल, म्हणजे पाय आपटल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर प्लास्टरवर पैसे घालू नका. तिथे शेततळ्याला वापरतात तसं ५०० मायक्रॉनचं प्लास्टिक अस्तर आतून बसवणं बरं. ते थोडं हलणं सहन करतं, प्लास्टर करत नाही. अस्तराखालचा तळ मात्र टोकदार खडे काढून, मातीचा थर देऊन मऊ करून घ्यावा लागेल.

दुरुस्तीनंतर पहिल्या दिवशी मोजू नका. नवं प्लास्टर स्वतःच पाणी पितं, आणि पहिल्या रात्री एक-दोन सेंटिमीटर उतरलं म्हणून काम फसलं असं होत नाही. तीन दिवस हौद भरलेला ठेवा. चौथ्या दिवशी रात्री झाकून तीच काठी लावा आणि सकाळी पाहा. उन्हाळ्यात उघड्या हौदातूनही बाष्पीभवनाने दिवसाला एखादा सेंटिमीटरच जातो, तेव्हा झाकलेल्या हौदात रात्रभरात अर्धा सेंटिमीटरपेक्षा जास्त उतार दिसला तर गळती अजून आहे. सहा तासांच्या मोजणीचे आकडे जवळच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांकडे पाठवा. भागाकार पाहून पुढे प्लास्टर, व्हॉल्व्ह की अस्तर ते ठरवता येईल.