क्ले मास्क आणि शीट मास्क किती वेळा लावायचे?

प्रश्न: माझी स्किन कॉम्बिनेशन आहे, नाक-कपाळ तेलकट आणि गाल नॉर्मल. आठवड्यातून तीनदा क्ले मास्क लावते आणि रोज रात्री शीट मास्क. आधी मस्त ग्लो यायचा, आता साधं मॉइश्चरायझर लावलं तरी चुरचुरतं आणि गालांवर बारीक पुरळ आलंय. स्किन डिटॉक्स होतेय का? नक्की किती वेळा लावायला हवं?

उत्तर:

डिटॉक्स वगैरे काही होत नाहीये, तुमच्या स्किनचं बॅरियर दुखावलंय. दोन्ही मास्क आजपासून बंद करा, निदान तीन आठवडे. नंतर परत सुरू करताना क्ले फक्त नाक-कपाळ-हनुवटीवर आठवड्यातून एकदा, आणि शीट मास्क आठवड्यातून एक, फार तर दोन. मी बरीच वर्षं फेशियल आणि स्किनकेअरचंच काम करते आणि नेमकी हीच जोडी, म्हणजे सारखा क्ले आणि त्यावर रोज शीट, करून त्रास झालेल्या खूप जणी बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते, कारण आत काय चाललंय ते कळलं की किती वेळा लावायचं हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

आधी क्लेचं बघू. माती ओली असताना चेहऱ्यावरचं तेल ओढून धरते. केओलिन त्यातल्या त्यात सौम्य, बेंटोनाइट चांगलंच कडक, मुलतानी मातीही तेल बऱ्यापैकी खेचते. पण ही सगळी माती फक्त वर आलेलं तेल उचलते, तेलग्रंथी किती तेल बनवणार ते हार्मोन्स ठरवतात आणि त्यावर मास्कचा काहीच परिणाम नाही. त्यामुळे काही तासांत नाक परत चमकायला लागणार, आणि नाकावर जे बारीक ठिपके दिसतात तेही साफ केले तरी काही आठवड्यांत परत भरतात, ती नॉर्मल गोष्ट आहे. बहुतेक जणी इथेच फसतात, तेल परत आलं म्हणजे मास्क कमी पडला असं वाटतं आणि एकदाचं दोनदा, दोनदाचं तीनदा होतं.

आता गालांवर तेल मुळातच कमी. तिथे माती वाळेपर्यंत ठेवली की वरचा थर कोरडा पडतो, आणि मग तडकलेली माती चोळून चोळून काढली तर ते घासणंच जास्त नुकसान करतं. त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात पेशींच्या मधे सिरामाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिड असे स्निग्ध पदार्थ भरलेले असतात, आतलं पाणी उडून जाऊ न देणं आणि बाहेरचं काही आत शिरू न देणं हे त्यांचं काम. हेच बॅरियर, आणि याला थोडंसं लागलं तर निरोगी त्वचेत ते साधारण दोन-तीन दिवसांत भरून येतं. तुम्ही तीनदा म्हणताय, म्हणजे समजा सोमवार, बुधवार, शुक्रवार. सोमवारचं भरून येतंय न येतंय तोवर बुधवार उजाडला, मग शुक्रवार, आणि असं महिनोन्‌महिने चाललं तर गालांना पूर्ण बरं व्हायला वेळ मिळतोच कधी?

मग प्रश्न येतो की इतकं होत असताना आधी कळलं कसं नाही. तर ते शीट मास्कमुळे. शीटच्या एका पाकिटात साधारण 20-25 मिली एसेन्स असतं आणि त्यात मुख्यतः पाणी, ग्लिसरीन, हायलुरोनिक ॲसिड वगैरे. ते वीस मिनिटं चेहऱ्यावर झाकून ठेवलं की वरचा थर पाणी पिऊन फुगतो, बारीक रेषा दिसेनाशा होतात, ओढल्यासारखं वाटणं थांबतं आणि ग्लो येतो. पण हे पाणी काही तासांत उडून जातं आणि बॅरियरमध्ये जे स्निग्ध पदार्थ कमी पडलेत ते काही शीटमधून भरून निघत नाहीत. म्हणजे क्लेने झालेलं नुकसान रोज रात्री झाकलं जात होतं आणि तुम्हाला वाटत होतं सगळं छान चाललंय. शिवाय रोज रोज ओलं ठेवून झाकणं हाही त्रासच आहे, फार वेळ पाण्यात राहिल्यावर बोटांची कातडी कशी मऊ पडते, तसा वरचा थर कमकुवत होतो, आणि त्या एसेन्समधला सुगंध आणि प्रिझर्व्हेटिव्ह अशा त्वचेत नेहमीपेक्षा जास्त आत जातात. तुमच्या चुरचुरीचं आणि पुरळाचं कारण मला यातच दिसतं.

जास्त होतंय हे ओळखायचं कसं, तर मास्क काढल्यावर लगेच आरशात बघून काहीच कळत नाही, तेव्हा सगळ्यांचाच चेहरा सुंदर दिसतो. बघायचं दुसऱ्या दिवशी सकाळी. साध्या पाण्याने चेहरा धुवा, पुसा, आणि अर्धा तास काहीच लावू नका. ओढल्यासारखं वाटलं, हसताना गाल ताणले गेले, तर आठवडाभर मास्क नाही. मग साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा, जे आधी कधीच झोंबत नव्हतं तेच. ते झोंबलं तर बॅरियर दुखावलंय हे जवळपास नक्की, आणि माझ्या मते ही सगळ्यात विश्वासाची खूण आहे, तुम्हाला ती आधीच दिसलीये.

अजून एक फसवी खूण म्हणजे चमक. गाल मेणासारखे गुळगुळीत चमकतात पण टिश्यू दाबला तर त्यावर तेल येत नाही आणि त्वचा ताणलेली वाटते, हा ग्लो नाही, वरचा थर कोरडा आणि पातळ झाल्याचं लक्षण आहे. याला तेलकटपणा समजून परत क्ले लावणाऱ्या पुष्कळ भेटतात, कृपया तसं करू नका. नाकाच्या कडेला आणि ओठांच्या कोपऱ्यात लाली टिकून राहते, फाउंडेशन तिथे पापुद्र्यासारखं बसतं, सनस्क्रीन लावल्यावर डोळ्यांखाली जळजळतं, हे सगळं त्याच घरातलं.

पुरळाबद्दल. पिंपल्स लहान-मोठे असतात, काही पांढरी टोकं, काही दुखणारे, आणि नेहमीच्या जागी येतात. इरिटेशनचं पुरळ बहुतेक एकसारखं बारीक असतं, खाजतं किंवा चुरचुरतं, आणि जिथे एरवी कधी काही येत नाही तिथे येतं. स्किन पर्ज होणं ही गोष्ट रेटिनॉइड किंवा ॲसिडसारख्या पेशींची उलाढाल वाढवणाऱ्या प्रॉडक्टने होते, साध्या क्लेने किंवा हायड्रेटिंग शीटने होत नाही, म्हणून "आधी वाढेल मग जाईल" म्हणत लावत राहू नका. एक वेगळी केस मात्र लक्षात ठेवा, खाज शीट काढल्यानंतर एक-दोन दिवसांनी सुरू झाली, पापण्या सुजल्या, किंवा लाली बरोब्बर शीटच्या आकारात उठली तर ती ॲलर्जी असू शकते, मग आठवड्यातून किती वेळा हा प्रश्नच उरत नाही, तो मास्क कायमचा बंद.

आता पुढचे तीन आठवडे काय करायचं. रात्री एकदा सौम्य क्लीन्झर, सकाळी नुसतं पाणी. चेहरा किंचित ओला असतानाच सिरामाइडवालं बिनवासाचं क्रीम. गालांवर फार झोंबत असेल तर रात्री क्रीमवर पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ थर, नाक-कपाळावर नको. व्हिटॅमिन सी, सॅलिसिलिक, रेटिनॉल, स्क्रब सगळं बाजूला. सनस्क्रीन सोडू नका, झोंबत असेल तर झिंक ऑक्साइडवालं घ्या. चुरचुर साधारण आठवड्याभरात कमी व्हायला लागते, पुरळ आणि लाली त्यानंतर. मधेच एखाद्या दिवशी चेहरा छान दिसला म्हणून मास्क परत लावू नका, वरचा थर पूर्ण नवा व्हायला काही आठवडे लागतात.

सकाळची ती टेस्ट सलग काही दिवस चांगली आली की आधी फक्त क्ले सुरू करा, केओलिनवालं, नाक-कपाळ-हनुवटीवर, पहिल्यांदा पाच मिनिटं. कडा फिक्या पडायला लागल्या आणि मधे हात लावल्यावर अजून गार, चिकट लागतंय तेव्हाच काढायचं. पूर्ण वाळून तडकण्याची वाट बघायची गरज नाही, तेल शोषायचं ते काम ओलं असतानाच होतं. ओलं कापड मिनिटभर वर ठेवा, माती मऊ झाली की अलगद पुसून घ्या, लगेच क्रीम. पुढे दहा मिनिटांपर्यंत वाढवलं तरी चालेल, पण आठवड्यातून एकदाच. दोन आठवडे नीट गेले की मग साधा हायड्रेटिंग शीट, वेगळ्या दिवशी, 15-20 मिनिटं, ओला असतानाच काढून वर क्रीम. दोन्ही एकदम सुरू केले आणि परत झोंबलं तर कशामुळे ते कळणार नाही. आणि शीट लावून झोपू नका, चेहऱ्यावर वाळलेली शीट ओढूनच काढावी लागते.

बाकी कुणी वाचत असेल तर, पूर्ण चेहरा तेलकट असेल तर क्ले आठवड्यातून दोनदा चालतो, कोरड्या स्किनला दोन-तीन आठवड्यांतून एकदा किंवा नाहीच लावला तरी काही बिघडत नाही, एक्झिमा किंवा रोझेशिया असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. रेटिनॉइड किंवा बेंझॉइल पेरॉक्साइड चालू असेल तर क्ले दोन आठवड्यांतून एकदा, त्या रात्री ते औषध नाही. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या चालू असतील तर क्ले अजिबात नाही, आधीच सगळं कोरडं असतं. शीटमध्ये ॲसिड किंवा रेटिनॉल असेल तर तो हायड्रेटिंग शीट म्हणून मोजू नका, आठवड्यातून एकच.

तुमच्या बाबतीत दोन आठवडे सगळं बंद ठेवूनही काहीच फरक नाही, पाणी सुटतंय, दुखतंय किंवा पापण्यांवर सूज आली तर लगेच स्किनच्या डॉक्टरांकडे जा, वापरत होतात त्या मास्कची पाकिटं सोबत न्या म्हणजे त्यांना घटक बघता येतील. आणि तोपर्यंत पुरळावर मेडिकलमधून आणलेलं स्टेरॉइड क्रीम स्वतःच्या मनाने लावू नका, दोन दिवस बरं वाटतं पण चेहऱ्याची त्वचा त्याने आणखी पातळ होते आणि बंद केलं की लाली दुप्पट जोराने परत येते.