फ्रंट लोड वॉशिंग मशीनचा कुबट वास: आधी रबर बघा

मशीन बिघडलेलं नाही, काळजी नको. दाराभोवतीच्या रबराची घडी खालच्या बाजूला बोटाने उलटून बघा. साचलेलं पाणी, केस आणि काळपट बुळबुळीत थर दिसेल. वास बहुतेक तिथलाच. जास्त पावडर आणि कायम थंड पाण्यातलं धुणं, यावर तो थर पोसतो. सुगंधी कंडिशनर ओतू नका, त्याने थर वाढतोच.

घडी पुसा, खालच्या झाकणामागचा फिल्टर धुवा (खाली ताट ठेवा, पाणी येतंच). मग रिकामं मशीन ९०° वर किंवा ‘टब क्लीन’वर चालवा.

पुढे वास परतू नये म्हणून:
- फ्रंट लोडचंच डिटर्जंट, मापातच.
- महिन्यातून एकदा टॉवेल-चादरी ६०° वर.
- धुणं काढलं की रबर पुसून दार आणि पावडरचा कप्पा उघडाच ठेवा, पावसाळ्यात तर रात्रभर.